बाटलीवरचा टक्का आणि रक्तातील कॉर्टिसॉल



मोंढ्यातील एका वाचक बंधूंनी अश्वगंधेच्या दोन बाटल्यांच्या वेष्टनांची छायाचित्रे पाठवून विचारणा केली आहे. एकीवर ‘विथॅनोलाइड ५ टक्के’ असे छापले आहे, दुसरीवर ‘३५ टक्के’, आणि दुसरीचा भाव जवळजवळ दुप्पट आहे. तेव्हा तणावाचे संप्रेरक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कॉर्टिसॉलवर दुसरी बाटली सातपट परिणाम करील, असे समजावे काय? उत्तरासाठी आधी कॉर्टिसॉल कोणाच्या आज्ञेने स्रवते, ते पाहावे लागेल.

ही व्यवस्था आपल्या पेढीसारखी त्रिस्तरीय आहे. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा मालक. संकटाची चाहूल लागताच तो ‘सीआरएच’ नावाचा निरोप धाडतो. तो निरोप जवळच्याच पियूषिका ग्रंथीला, म्हणजे मुनिमाला, मिळतो व मुनीम ‘एसीटीएच’ नावाची चिठ्ठी रक्तात सोडतो. ती चिठ्ठी मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथींकडे पोहोचली की त्या गोदामातून कॉर्टिसॉल बाहेर पडते. रक्तात पुरेसे कॉर्टिसॉल झाले की तेच मालकाला व मुनिमाला ‘आता पुरे’ असे कळवते. दीर्घकाळच्या तणावात मालक पुन्हा पुन्हा निरोप धाडत राहतो आणि ‘आता पुरे’ याकडे पुरेसे लक्ष जात नाही.

अश्वगंधेच्या मुळात विथॅनोलाइड या वर्गाची अनेक द्रव्ये असतात. त्यांची घडण स्टेरॉइडच्या सांगाड्यावर झालेली आहे, आणि कॉर्टिसॉलही त्याच कुळातले. म्हणून एक तर्क असा मांडला जातो, की ही द्रव्ये कॉर्टिसॉलच्या ग्राहींशी संबंध जोडून ‘आता पुरे’ हा निरोप बळकट करीत असावीत. दुसरा तर्क असा, की अश्वगंधा मेंदूतील ‘गाबा’ या शांतता आणणाऱ्या व्यवस्थेला साहाय्य करते, त्यामुळे मालकाचा पहिला निरोपच मंदावतो. तिसरा तर्क थेट गोदामावर परिणाम होत असल्याचा आहे.

दुसऱ्या तर्काची एक परीक्षा २०१५ साली प्रसिद्ध झाली. मुळाच्या जलीय अर्काने गाबाचे ग्राही खरोखरच जागे झाले. परंतु विथाफेरिन-ए आणि विथॅनोलाइड-ए ही दोन प्रसिद्ध द्रव्ये स्वतंत्रपणे दिली असता ते घडले नाही. म्हणजे अर्कात काम करणारे काही आहे, पण ते वेष्टनावर ज्याचा टक्का छापतात तेच आहे, असे या प्रयोगाने ठरत नाही.

आता माणसांवरील निरीक्षणे पाहू. हैदराबाद येथे झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तणावग्रस्त ६४ प्रौढ होते. निम्म्यांना ६० दिवस मुळाचा अर्क ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिला, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या औषधहीन गोळ्या. पहिल्या गटाचे कॉर्टिसॉल सुमारे २८ टक्क्यांनी उतरले, दुसऱ्याचे सुमारे ८ टक्क्यांनी. हे ८ टक्के विसरू नयेत. औषध नसतानाही, केवळ देखरेखीत राहून व काळ गेल्याने, एवढा उतार पडला. अश्वगंधेच्या खात्यावर म्हणून २८ नव्हे, सुमारे २० टक्केच जमा करावेत. २०१९ साली आपल्या महाराष्ट्रातच, ठाण्याजवळील कळवा येथे, ६० निरोगी पण तणावग्रस्त व्यक्तींचे तीन गट करून आठ आठवडे चाचणी झाली. दिवसाला २५० आणि ६०० मिलिग्रॅम अशा दोन्ही मात्रांनी कॉर्टिसॉल उतरले. अधिक मात्रेचा परिणाम अधिक स्पष्ट होता.

आता टक्क्याचा हिशेब. ६०० मिलिग्रॅम अर्कात ५ टक्के विथॅनोलाइड म्हणजे रोजचे ३० मिलिग्रॅम. २०१९ च्याच दुसऱ्या एका चाचणीत ३५ टक्क्यांचा अर्क २४० मिलिग्रॅम दिला होता, म्हणजे ८४ मिलिग्रॅम. तिथे सकाळचे कॉर्टिसॉल सुमारे २३ टक्क्यांनी उतरले. विथॅनोलाइड जवळजवळ तिप्पट, पण उतार तिप्पट नाही. दोन्ही चाचण्यांची माणसे व पद्धती वेगळ्या असल्याने काटेकोर तुलना होत नाही. तरी सातपट टक्क्याला सातपट परिणाम हा हिशेब जमत नाही, एवढे निश्चित. शिवाय टक्का मोजण्याच्या पद्धती निरनिराळ्या आहेत. दोन कंपन्यांचे टक्के म्हणजे दोन वेगळ्या तराजूंवरची वजने होत.

उतार पडला तरी तो कोणत्या पायरीवर पडला? हे ओळखण्याची युक्ती आहे. अधिवृक्क ग्रंथी एसीटीएचच्याच आज्ञेने ‘डीएचईए-एस’ नावाचे आणखी एक संप्रेरक सोडते. मालक किंवा मुनीम शांत झाला असेल तर दोन्ही संप्रेरके उतरावीत. वर सांगितलेल्या ३५ टक्क्यांच्या चाचणीत तसेच झाले. मात्र २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय चाचणीत कॉर्टिसॉल उतरले, पण डीएचईए-एस चढले. म्हणूनच वरचे तिन्ही तर्क अजून ‘प्रस्तावित’ या सदरातच आहेत.

घरी तपासणी करणाऱ्यांनी एक चूक टाळावी. कॉर्टिसॉल सकाळी उठल्यानंतर शिखरावर असते व मध्यरात्री तळाशी. सकाळी ८ ला घेतलेल्या रक्ताच्या मानाने दुपारी ४ चा आकडा साधारण निम्मा येऊ शकतो. पहिली तपासणी सकाळी व दुसरी दुकानातून उठून दुपारी केली, तर काहीही न घेता ‘५० टक्के लाभ’ दिसेल. तुलना करायची तर तीच वेळ, तीच प्रयोगशाळा. सकाळचा आकडा १५ वरून १२ वर आला, तरी दोन्ही सामान्य मर्यादेतच असतात. आकड्यापेक्षा झोप व चित्तस्वास्थ्य सुधारले का, हे अधिक बोलके आहे.

आपल्या घरांतील एक प्रश्न वेगळा आहे. अश्वगंधेचे औषधी अंग मूळ आहे. कंदमूळ वर्ज्य असल्याने काहींना पानांचा अर्क हा सोपा मार्ग वाटतो. तो मार्ग धरू नये. पानांत विथाफेरिन-ए अधिक असते, आणि प्रयोगशाळेत ते पेशींना घातक ठरले आहे. आयुष मंत्रालयाने २०२१ साली पाने न वापरता मूळच वापरावे, असे उत्पादकांना सूचित केले. वेष्टनावर ‘मूळ’ लिहिले आहे की ‘पाने’, हे वाचावे. वाळवलेले मूळ चालते की नाही, हे ज्याने त्याने आपल्या आचारानुसार ठरवावे. कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे असेल तर ते प्राणिजन्य असते. वनस्पतिजन्य कवचाचा स्पष्ट उल्लेख असलेलीच घ्यावी.

गर्भवतींनी अश्वगंधा घेऊ नये. थायरॉइडची गोळी चालू असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, कारण अश्वगंधेने थायरॉइड संप्रेरक वाढू शकते. स्टेरॉइड घेणाऱ्यांनी वा अधिवृक्क ग्रंथी दुर्बल असलेल्यांनी स्वतःहून सुरू करू नये. अश्वगंधेने यकृताला इजा झाल्याची उदाहरणे भारतातूनही नोंदली गेली आहेत. लघवी गडद होणे, अंगाला खाज सुटणे, डोळे पिवळे दिसणे यांपैकी काही जाणवल्यास बाटली त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांना दाखवावे.

मोंढ्यातील बंधूंनी दुप्पट भाव मोजण्याचे कारण नाही. मुळाचा अर्क, चाचण्यांत वापरलेली मात्रा व आठ आठवड्यांची मुदत. तेवढ्यात फरक जाणवला नाही, तर टक्का वाढवण्याऐवजी तणावाचे व निद्रानाशाचे कारण वैद्यांपुढे मांडावे.