अकरावी आलेली गोष्ट

दोन वर्षांपूर्वी आमच्या गटाने नगर जिल्ह्यातल्या (आताचा अहिल्यानगर जिल्हा) बचत गटांतल्या बायकांसाठी कथास्पर्धा घेतली. 26 गोष्टी आल्या. परीक्षक आम्ही तिघी: एक निवृत्त शिक्षिका, एक ऊसतोड बायकांमध्ये काम करणारी कार्यकर्ती आणि मी. गुणपत्रक मीच तयार केलं होतं. शुद्धलेखन व भाषा 20, मांडणी 20, विषय 20, व्यक्तिचित्रण 20 आणि संदेश 20. शंभराची बेरीज, तिघींची सरासरी, सगळं कसं निःपक्षपाती!

पाथर्डी तालुक्यातून एका ऊसतोड करणाऱ्या बाईची गोष्ट आली होती. गोष्ट कसली, हिशेबच. मुकादमाच्या वहीसारखा. पहिली ओळ उचलीची. मग एकेक नोंद: कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून किती टन, वाढं विकून आलेले पैसे, आजारपणाचा खाडा. मध्येच बाळंतपणाची नोंद येते, इतके दिवस खाडा, इतके रुपये वजा. बाळाचं पुढे काय झालं ते ती सांगत नाही, पण दुधाच्या पावडरीचा खर्च चार नोंदींनंतर थांबतो. शेवटी उरलेली बाकी, आणि गोष्ट संपली.

मी तिला 48 गुण दिले. भाषेला 8, मांडणीला 8, कारण ही कथा नसून यादी आहे असं मला वाटलं. विषयाला 16, व्यक्तिचित्रणाला 12. संदेशाला 4, कारण बाई ना मुकादमाशी भांडते, ना संघटनेत येते. शिक्षिकाबाईंनी 39 दिले. तिसऱ्या मैत्रिणीने 84. सरासरी 57, आणि गोष्ट अकरावी. पहिल्या आलेल्या गोष्टीत सून शिकते, सरपंच होते, नवरा माफी मागतो. तिला तिघींनी 66, 68 आणि 64 दिले होते, सरासरी 66. बक्षीस समारंभानंतर जीपमधून परतताना त्या पहिल्या गोष्टीबद्दल कुणीच बोललं नाही. दुधाच्या पावडरीबद्दल मात्र आम्ही नगर येईपर्यंत बोलत होतो.

म्हणजे चूक आमच्या वाचण्यात नव्हती, मोजण्यात होती. तिथे दोन गोष्टी बिघडल्या.

पहिली सरासरी. नेहमीच्या वळणाची गोष्ट कुणालाच खटकत नाही, म्हणून तिला सगळ्यांकडून साठ-पासष्ट मिळतात. वेगळी गोष्ट एकीला हलवून सोडते आणि दोघींना बुचकळ्यात टाकते. सरासरी काढली की 84 पुसले जातात. खरं तर 39 आणि 84 मधलं अंतर हीच त्या गोष्टीबद्दलची सर्वांत मोलाची माहिती होती. ती आम्ही भागाकारात घालवली.

दुसरं आधी ठरवलेलं माप. ‘मांडणी’ म्हणजे सुरुवात, मध्य, शेवट हे मी गृहीत धरलं होतं. त्या बाईने मुकादमाचीच वही उचलून तिच्यातून मुकादमाचा व्यवहार उघडा केला. तिची मांडणी हाच तिचा शोध होता, आणि त्यासाठीच तिचे 12 गुण गेले. आपल्याच नगरला वर्षानुवर्षं राहिलेल्या लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण घ्या. लिहिणं-वाचणं त्या लग्नानंतर शिकल्या. 1934 पासून प्रसिद्ध झालेली त्यांची ‘स्मृतिचित्रे’ गप्पांच्या ओघात, स्वतःला हसत, आडवाटेने फिरून येत पुढे जातात. माझ्या गुणपत्रकाने मांडणीत त्यांचेही गुण कापले असते.

आणि ‘संदेश’? हे माप तर आपल्या चळवळीचंच. बाईने शेवटी उभं राहायला हवं, ही आपली इच्छा आपण तिच्या गोष्टीवर लादतो. स्पर्धेच्या पत्रकात ‘संदेशास 20 गुण’ छापलं की बायका तो संदेश लिहून पाठवतात, जगलेलं मागे ठेवतात. टेरेसा अमाबिले या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1985 मध्ये 72 लिहित्या लोकांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना कविता लिहिण्याआधी प्रसिद्धी, पैसा, इतरांची वाहवा अशा बाहेरच्या कारणांचा क्रम लावायला सांगितला. त्यानंतर त्यांनी लिहिलेल्या कविता कवींनी वाचल्या, आणि त्या कमी सर्जनशील ठरल्या. काही मिनिटं बाहेरच्या मोबदल्याकडे लक्ष वळवल्याने एवढं होत असेल, तर आपल्या पत्रकाने काय होत असेल?

मग निवड करायचीच नाही का? तसं नाही. गेल्या वर्षी आम्ही पद्धत बदलली. त्यातला काही भाग याच बाईंनी 1982 मध्ये मांडलेल्या पद्धतीतून घेतला आहे. त्यात जाणकारांनी एकमेकींशी न बोलता, वेगवेगळ्या क्रमाने वाचायचं असतं. तुलना आलेल्या लेखनाचीच आपापसांत करायची, थोर लेखकांशी नाही. तांत्रिक सफाई वेगळी पाहायची.

आम्ही सगळ्या गोष्टी एकदा हातात पेन न घेता वाचल्या, प्रत्येकीने वेगळ्या क्रमाने, कारण पहिली वाचलेली गोष्ट नकळत पुढच्यांची फूटपट्टी होते. दुसऱ्या वाचनात प्रत्येक गोष्टीखाली दोनच वाक्यं लिहिली: ही गोष्ट काय करायला निघाली आहे, आणि ते कुठल्या जागी दिसलं. एम.एस.डब्ल्यू.ला केसची नोंद करताना हेच शिकवलं होतं. बाई काय म्हणते ते आधी, आपलं मत नंतर. गंमत अशी की नेहमीच्या वळणाच्या पाच-सहा गोष्टींखाली जवळजवळ एकच वाक्य लिहिलं गेलं. साचा तिथेच ओळखू येतो. मग गुण न देता तीन गठ्ठे केले. शुद्धलेखन मोजलंच नाही. जिथे अर्थ कळत नव्हता तिथे तिलाच विचारलं, बाकीचं छापताना तिच्या संमतीने.

शेवटी तिघी बसलो. जिथे मतं सर्वांत फाकली, त्या गोष्टी सर्वांत आधी, मोठ्याने वाचल्या. एकीने जरी ठामपणे धरली तरी ती गोष्ट शेवटच्या फेरीत, हा नियम. कवितांनाही हे मोठ्याने वाचणं हवंच. कागदावर अक्षरं कमी-जास्त वाटणारी ओवी गळ्यात बरोबर बसते.

या पद्धतीतही फसायला होतं. मी एका गोष्टीला केवळ ती बोलीत आहे म्हणून वरच्या गठ्ठ्यात टाकलं. शिक्षिकाबाई म्हणाल्या, “ताई, हीच प्रमाण भाषेत वाचून बघा.” वाचली, तर उरली ती तीच सून, तोच नवरा, तीच माफी. पाथर्डीच्या गोष्टीला ही परीक्षा लावली तर भाषा बदलूनही ती वही वहीच राहते. बोलीला झुकतं माप देणं हाही त्या बाईला कमी लेखण्याचाच प्रकार. आणि नुसतं चमत्कारिक असणं म्हणजे नवेपण नाही. काय करायला निघाली आणि ते साधलं का, हे दोन्ही विचारावंच लागतं.

या पद्धतीला वेळ दुप्पट लागतो. 26 गोष्टींना निम्मा दिवस पुरायचा, तिथे आता एक अख्खा दिवस जातो. शंभर प्रवेशिका आल्या तर आम्हाला जमणार नाही, आधी चाळणी लावावी लागेल, आणि चाळणीतही एकीच्या ठाम मताचा नियम ठेवावा लागेल.

पाथर्डीच्या त्या बाईला आम्ही नंतर कळवलं की तिची गोष्ट छापायची आहे. तिने निरोप धाडला, “अकरावी आली ती कशाला छापता?” तिला काय उत्तर द्यावं हे मला अजून सुचलेलं नाही. कारखान्याचा हंगाम संपून ती गावी परतली की आम्ही तिघी जाणार आहोत, गुणपत्रक घेऊन. कुठे कसं चुकलो ते तिला दाखवायला.