शब्द पाळणाऱ्या घरातच बचत रुजते

या आठवड्यात एका शाळेच्या पालकसभेत चौथी-पाचवीच्या मुलांसाठी ‘गरज की हौस’ असा दोन रकान्यांचा तक्ता वाटण्यात आला, आणि त्यावरच्या चर्चेत बहुतेक पालकांनी एकच तक्रार मांडली, ती अशी की आजच्या मुलांना धीर धरवत नाही व त्यांच्या हातात पैसा टिकत नाही. तक्ता आणि तक्रार या दोन्हींच्या मुळाशी एकच चूक आहे, कारण दोन्हींमध्ये शिकायचे आहे ते केवळ मुलाने, असे गृहीत धरलेले आहे. दूध, वही आणि बूट एका रकान्यात व चॉकलेट आणि खेळणी दुसऱ्या रकान्यात लिहिली की मुलाला गुण मिळतात. परंतु घरात पाच कोऱ्या वह्या असताना चकचकीत मुखपृष्ठासाठी घेतलेली सहावी वही कोणत्या रकान्यात बसते, याचे उत्तर तो तक्ता देऊ शकत नाही. हातखर्चाची रक्कम वयानुसार किती असावी, याचा ऊहापोह या स्तंभात पूर्वी झालेला असल्याने तो येथे पुन्हा करण्याचे कारण नाही. प्रस्तुत प्रश्न धीराचा आहे.

मुलांच्या धीराविषयी बोलताना वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगाचा दाखला हटकून दिला जातो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात 1960च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या या प्रयोगमालेत लहान मुलासमोर एक आवडता खाऊ ठेवून, थोडा वेळ न खाता थांबल्यास अधिक मिळेल असे त्याला सांगितले जात असे. जी मुले थांबली त्यांच्यात आत्मसंयम, म्हणजे आत्ताचा छोटा लाभ नंतरच्या मोठ्या लाभासाठी लांबणीवर टाकण्याची शक्ती, उपजतच अधिक असावा असा अर्थ लोकांनी त्यातून काढला आणि तोच पालकसभांपर्यंत झिरपला.

या समजुतीला छेद देणारा, आणि हातखर्चाच्या संदर्भात अधिक मोलाचा, असा प्रयोग सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रॉचेस्टर विद्यापीठात केला व तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. तीन ते पाच वर्षांच्या 28 मुलांना प्रथम चित्र काढण्यास बसवून झिजलेले रंगखडू देण्यात आले आणि थोडे थांबल्यास याहून चांगले साहित्य आणून देऊ, असे प्रत्येकाला सांगण्यात आले. निम्म्या मुलांना कबूल केल्याप्रमाणे ते मिळाले. उरलेल्या निम्म्यांकडे प्रयोगकर्ती रिकाम्या हाताने परतली आणि साहित्य शिल्लक नसल्याचे सांगून तिने दिलगिरी व्यक्त केली. चिकटचित्रांच्या बाबतीतही हेच दुसऱ्यांदा घडवण्यात आले, आणि त्यानंतर खाऊची ती प्रसिद्ध परीक्षा घेण्यात आली. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुले सरासरी 12 मिनिटांहून थोडा अधिक वेळ थांबली, तर ज्यांचा अपेक्षाभंग झाला होता ती जेमतेम 3 मिनिटे. पूर्ण 15 मिनिटे थांबणारी मुले पहिल्या गटातील 14 पैकी 9 होती आणि दुसऱ्या गटातील 14 पैकी केवळ 1. मुलांची संख्या लहान आहे हे खरे, तथापि फरक एवढा ठळक आहे की त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडलेले असल्यामुळे दोन्हींकडे उपजत संयम सारखाच होता असे मानावे लागते. वेगळे होते ते केवळ समोरच्या मोठ्या माणसाचे वागणे. ज्याचा शब्द दोनदा मोडला त्याच्यासाठी न थांबणे हा त्या मुलांचा उतावीळपणा नसून अनुभवातून काढलेला योग्य निष्कर्ष होता.

झिजलेल्या रंगखडूंचा हा प्रसंग मराठी घरात परका नाही, कारण भाऊबीजेच्या पाकिटाच्या रूपाने तो दरवर्षी घडतो. आत्या, मामा आणि आजी-आजोबा मुलाच्या हातात पाकीट ठेवतात. पाहुणे पायऱ्या उतरेपर्यंत ते मुलाकडे राहते, आणि नंतर ‘दे इकडे, हरवशील, मी जपून ठेवते’ असे म्हणून आई किंवा वडील ते आपल्या कपाटात ठेवतात. त्यातील रक्कम कुठेही लिहिली जात नाही, महिन्याअखेरीस घरखर्चात ती मिसळून जाते, आणि मुलाने दोन महिन्यांनी विचारले तर ‘तुझ्यावर किती खर्च होतो ते माहीत आहे का’ असे उत्तर येते. आई-वडिलांचा हेतू वाईट नसतो व पैसाही बहुधा मुलावरच खर्च झालेला असतो. परंतु मुलाच्या दृष्टीने पाहिले तर साठवण्यासाठी दिलेला पैसा परत मिळत नाही, हा धडा त्याला दरवर्षी नेमाने दिला जातो. असे मूल पुढच्या वेळी पाकीट हातात येताच दुकानाकडे धावते तेव्हा तेच घर त्याला उधळ्या म्हणते, आणि हा न्याय खचितच नव्हे.

यावरून हातखर्चाचा पहिला नियम मुलासाठी नसून देणाऱ्यासाठी आहे हे स्पष्ट व्हावे. ठरलेली रक्कम ठरलेल्या वारी, न मागता, पूर्ण मिळाली पाहिजे. गुण कमी पडले, भांडण झाले किंवा बाबा घाईत होते, या कारणांनी ती चुकता कामा नये. ज्या घरात रोजंदारीमुळे मिळकत अनियमित असते तेथे पन्नास रुपये कबूल करून कधीतरीच देण्यापेक्षा दर रविवारी न चुकता दहा रुपये देणे श्रेयस्कर, कारण मूल भरवशावर आखणी करते व त्या आखणीचा आधार रकमेच्या आकारात नसून तिच्या नेमात असतो.

दुसरा नियम हौस आणि गरज यांच्या भेदासंबंधी आहे. हातखर्च जर निव्वळ खाऊ आणि खेळण्यांसाठी असेल तर त्यातून एका हौसेची दुसऱ्या हौसेशी तुलना होते, गरज त्यात येतच नाही. म्हणून एक छोटी, खरी गरज मुलाच्या पैशांत घालावी लागते. उदाहरणार्थ, दहा वर्षांच्या मुलीला दर रविवारी 100 रुपये मिळतात आणि त्यात पेन, पेन्सिल व खोडरबर तिने स्वतः घ्यायचे असे ठरले आहे. त्यासाठी आठवड्याला 20 रुपये आणि खाऊसाठी 40 रुपये लागतात असे धरले, तर 40 रुपये शिल्लक राहतात, आणि 240 रुपयांचा रुबिक क्यूब घेण्यास सहा आठवडे पुरतात. तीन आठवड्यांनी बरणीत 120 रुपये जमलेले असताना तिला दुकानात 90 रुपयांचा चमकत्या जेल पेनांचा संच दिसतो. तो घेतल्यास बरणीत 30 रुपये उरतील, 210 रुपये पुन्हा जमवावे लागतील, आणि तीन आठवड्यांवर आलेला क्यूब सहा आठवड्यांवर जाईल. पेनांची खरी किंमत तीन आठवडे आहे, हे तिला वहीत मांडून दाखवणे एवढेच मोठ्यांचे काम. घ्यावे की न घ्यावे हा निर्णय तिचाच.

तिने पेन घेतले तर पुढची परीक्षा पुन्हा मोठ्यांची असते. तिचा हिरमोड पाहून आजोबांनी गुपचूप 90 रुपये हातावर ठेवले तर पेनांची किंमत शून्य झाली आणि सारा हिशेब व्यर्थ गेला. याउलट परीक्षेच्या आदल्या दिवशी पेनाची रिफिल संपली आणि पैसे उरले नाहीत, तर ‘आता भोग’ म्हणणेही चूक, कारण शिक्षण, औषध, जेवण आणि प्रवास यांना हातखर्चाच्या टांगणीवर ठेवता येत नाही. अशा वेळी दहा रुपये उचल, म्हणजे पुढच्या रकमेतून वळती करण्याच्या बोलीवर आगाऊ पैसे, द्यावेत, वहीत लिहावे आणि येत्या रविवारी न रागावता व न विसरता 90 रुपयेच द्यावेत. गरज भागली, पण ती तिच्याच पैशांतून भागली, हा अनुभव दोन रकान्यांच्या तक्त्यातून मिळत नाही. व्यवस्था बिघडली आहे हे ओळखण्याची खूणही येथेच आहे: महिनाभरात उचल दोनदा-तीनदा मागितली जात असेल तर रक्कम कमी आहे किंवा गरजांचा वाटा जास्त टाकला गेला आहे, आणि उचल कधीच वळती होत नसेल तर दोष देणाऱ्याचा आहे.

या स्तंभाचा जुना आग्रह येथे पुन्हा मांडणे भाग आहे, तो म्हणजे बारा वर्षांपर्यंत हा पैसा रोख आणि सुट्टा असावा. मुलांपुरता याचा भक्कम पुरावा हाताशी नसला तरी आग्रहामागचे कारण साधे आहे. 2024 मध्ये आलेल्या ‘यूपीआय सर्कल’ या सोयीत खातेदार आपल्या खात्यातून विश्वासू व्यक्तीला महिन्याला कमाल 15,000 रुपयांपर्यंत खर्च करण्याची मुभा देऊ शकतो. परंतु मुभा म्हणजे मालकी नव्हे. न वापरलेली मर्यादा पुढच्या महिन्यात साठत नाही, त्यामुळे जे मूल केवळ मर्यादेवर वाढते त्याला वाचवण्यासारखे काही नसतेच. काचेच्या बरणीतील नोटा मात्र कमी होताना आणि वाढताना दिसतात, आणि मातीच्या बंद गल्ल्याहून बरणी सरस ठरते तीही याच कारणाने.

मोठ्या रकमांसाठी मात्र बँकच योग्य, आणि तिचा मार्ग मोकळा आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2025 मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार दहा वर्षे पूर्ण केलेले मूल, बँकेने ठरवलेल्या मर्यादेत, बचत खाते स्वतः उघडून चालवू शकते, आणि ही सुधारणा अमलात आणण्यासाठी बँकांना 1 जुलै 2025 पर्यंतची मुदत देण्यात आली होती. पासबुकात स्वतःच्या नावापुढे आत्याने दिलेल्या 500 रुपयांची नोंद पाहणाऱ्या मुलाला ‘जपून ठेवते’ या वाक्यावर विसंबून राहावे लागत नाही.

म्हणून शाळांनी पुढच्या सभेत मुलांचा तक्ता बाजूला ठेवून पालकांना एक कोरा कागद द्यावा व त्यावर चार गोष्टी लिहून घ्याव्यात: हातखर्चाचा वार, रक्कम, त्यातून मुलाने भागवायची एक गरज, आणि गेल्या दोन वर्षांत पाकिटांतून घेऊन ठेवलेली अंदाजे रक्कम. ही चौथी रक्कम मुलाला हिशेबासह परत केल्याखेरीज त्या घरात बचतीचा उपदेश सुरू करू नये, कारण जे घर मुलाचे देणेकरी आहे त्याने मुलाला काटकसर शिकवणे त्या मुलाला पटणार नाही, आणि न पटण्यात त्याची काहीही चूक नसेल.