विश्लेषण : सोसायटीचा ग्रुप ‘हॅक’ झाला म्हणजे नेमके काय झाले?

‘सचिवांचे व्हॉट्सॲप हॅक झाले आहे. ग्रुपवरील कोणत्याही संदेशाला प्रतिसाद देऊ नये,’ अशी सूचना सोसायटीच्या फलकावर लागते आणि समिती मोकळी होते. सूचना चुकीची नसते, पण अपुरी असते. ‘हॅक’ या एका शब्दाखाली दोन वेगळे प्रकार येतात आणि दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे. कोणता प्रकार झाला, हे सूचनेत लिहिलेच पाहिजे.

खाते जाते कसे?

पहिल्या प्रकारात भामटा स्वतःच्या फोनवर व्हॉट्सॲप टाकून सचिवांचा नंबर भरतो. सहा आकडी कोडचा एसएमएस अर्थातच सचिवांना येतो. तेवढ्यात एखाद्या ओळखीच्या नंबरवरून संदेश येतो, ‘माझा कोड चुकून तुमच्याकडे आलाय, जरा पाठवता का?’ हा ओळखीचा नंबर आधीच भामट्याच्या ताब्यात गेलेला असतो. कोड दिला की सचिव स्वतःच्या फोनवरच खात्यातून बाहेर फेकले जातात.

दुसऱ्या प्रकारात त्यांचे खाते भामट्याच्या संगणकाला जोडले जाते. स्पर्धेत मत द्या, फोटो पाहा, असे सांगून क्यूआर स्कॅन करून घेतला जातो किंवा आठ अक्षरांचा कोड भरून घेतला जातो. इथे सचिवांचे व्हॉट्सॲप नेहमीसारखे सुरूच राहते. फक्त त्यांनी न लिहिलेले संदेश त्यांच्या नावाने जाऊ लागतात.

रहिवाशांना धोका कोणता?

ॲडमिनचे खाते हाती आले की सर्व सभासदांचे नंबर मिळतात आणि ग्रुपची सूत्रेही. समजा, महिन्याच्या पाच तारखेला संदेश येतो, ‘सोसायटीचे बँक खाते बदलले आहे, मेंटेनन्स या क्यूआरवर भरावा.’ त्याच वेळी फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल, अशी सेटिंग केली जाते. ‘हे खोटे आहे’ असे सांगू पाहणाऱ्या सभासदाचे तोंड तिथेच बंद होते. इतर ॲडमिन असतील तर त्यांचे अधिकारही काढून घेता येतात.

अशा वेळी क्यूआर स्कॅन केल्यावर पैसे पाठवण्याआधी दिसणारे नाव वाचावे. सोसायटीचे खाते सोसायटीच्या नावानेच असते. तिथे एखाद्या व्यक्तीचे नाव दिसले तर व्यवहार तिथेच थांबवावा आणि मेंटेनन्सच्या जुन्या बिलावरील खाते क्रमांक पाहावा.

खाते परत कसे मिळते?

फोनवरील व्हॉट्सॲप बंद पडले असेल, तर सचिवांनी पुन्हा आपला नंबर टाकून एसएमएसने आलेला कोड भरावा. तो भरताच भामटा बाहेर पडतो. मात्र त्याने मधल्या काळात स्वतःचा पिन लावून ठेवला असेल, तर सचिवांना आत शिरण्यासाठी 7 दिवस थांबावे लागते. भामटा गेलेला असतो, पण सचिवही ग्रुपवर बोलू शकत नाहीत. म्हणूनच कागदी सूचना गरजेची ठरते आणि तिच्यावर या सात दिवसांचा उल्लेख हवा.

व्हॉट्सॲप सुरूच असेल, तर Linked devices मध्ये जाऊन अनोळखी उपकरण काढून टाकले की काम भागते. ॲप काढून पुन्हा टाकण्याची गरज नसते.

‘सचिवांना ग्रुपमधून काढा’ हा उपाय चालतो का?

बहुतेकांना हाच पहिल्यांदा सुचतो. पण ग्रुप सचिवांनीच बनवलेला असेल, तर व्हॉट्सॲप इतर ॲडमिनना त्यांना काढू देत नाही. मग सभासदांनी तो ग्रुप सोडून अध्यक्ष किंवा खजिनदारांनी बनवलेल्या नव्या ग्रुपमध्ये जाणे एवढेच उरते. ही घाई ऐनवेळी होऊ नये म्हणून निदान आणखी एक ॲडमिन आधीपासून हवा. त्याचे अधिकार काढले गेले तरी सभासदांना फोन करून सावध करणारा, ठरलेला माणूस असतो.

ॲडमिन असलेल्या प्रत्येकाने Two-step verification चा सहा आकडी पिन लावावा. मग एसएमएसचा कोड चुकून कुणाला दिला गेला तरी तेवढ्यावर खाते जात नाही. मात्र दुसऱ्या प्रकारात, स्वतःच क्यूआर स्कॅन केला असेल तर हा पिन आड येत नाही. तिथे Linked devices ची यादी अधूनमधून पाहणे हाच उपाय.

पैसे गेलेच असतील, तर समितीच्या बैठकीची वाट पाहू नये. लगेच 1930 वर फोन करावा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी. तक्रार जितकी लवकर पोहोचेल, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

फलकावरच्या सूचनेत तीन गोष्टी हव्यात : खाते कोणत्या प्रकाराने आणि किती वाजल्यापासून गेले, त्यानंतरचे कोणते संदेश खोटे, आणि शंका आल्यास समितीतील कोणाला प्रत्यक्ष फोन करायचा. ‘प्रतिसाद देऊ नये’ एवढेच लिहिले, तर सकाळी मेंटेनन्स भरून बसलेल्या सभासदाला आपण फसलो की नाही, हे कळतच नाही.