एकच निरोप, दोन रूपे

एकाच घरात दोन फोन. वीजबिलाचा निरोप मुलाच्या फोनवर येतो तो कंपनीचे चिन्ह, नाव आणि 'बिल भरा' असे बटण घेऊन. आईच्या बटणांच्या फोनवर मात्र त्याच बिलाच्या साध्या दोन ओळी येतात. मग वाद सुरू होतो की, खरा निरोप कोणता? बऱ्याच वेळा दोन्ही खरे असतात. फरक असतो तो वाहनाचा. आईकडे आलेला निरोप एसएमएस, मुलाकडे आलेला आरसीएस.

एसएमएस जुना. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये गेला. त्याला इंटरनेट लागत नाही, कोणताही फोन चालतो. पण त्याची झोळी लहान. रोमन लिपीत १६० अक्षरे मावतात, देवनागरीत फक्त ७०. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे सारे वेगळे मोजले जाते. 'वीजबिल' आपल्याला चार अक्षरांचे दिसते, पण मोजणीत ते सहा भरते.

आता हा निरोप पाहा : "आपले वीजबिल ६४० रुपये आहे. शेवटची तारीख १५. उशीर झाल्यास दंड लागेल." मोकळ्या जागा धरून हा ६७ भरतो. ग्राहक क्रमांक लिहायला जागाच नाही. तो घातला की निरोपाचे दोन तुकडे होतात आणि पाठवणाऱ्याला दोन एसएमएसचे पैसे पडतात. मराठी ग्राहकालाही इंग्रजीत किंवा रोमन लिपीत निरोप पाठवण्याचा मोह कंपन्यांना होतो, त्याचे एक कारण हे आहे.

आरसीएसमध्ये ही अडचण नाही. त्यात बिलाचे चित्र, मोठा मजकूर, पैसे भरण्याचे, फोन लावण्याचे किंवा नकाशा उघडण्याचे बटण देता येते. पण तो मिळण्यासाठी आपल्या फोनला काही अटी पुऱ्या कराव्या लागतात. अँड्रॉइड फोनवर गुगल मेसेजेससारखे आरसीएस चालणारे अ‍ॅप नेहमीचे मेसेज अ‍ॅप म्हणून ठेवलेले असावे. त्या अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये RCS chats चालू असावे आणि तिथे Connected असे दिसावे. तसे दिसत नसेल तर नंबरची पडताळणी पुरी झालेली नाही, असे समजावे. या पडताळणीसाठी फोन स्वतःहून एखादा एसएमएस पाठवू शकतो, त्याचा आकार लागू शकतो. आयफोनवर ही सोय २०२४ च्या आयओएस १८ पासून आली, पण तिथे आपल्या सिमकंपनीचीही साथ लागते. बटणांच्या साध्या फोनवर आरसीएस येत नाही.

शेवटची अट इंटरनेटची, आणि खरी मेख इथेच आहे. समजा, १२ तारखेला मुलाचा नेट पॅक संपला. १३ ला बिलाचा आरसीएस निघाला. तो फोनपर्यंत पोचत नाही, वाटेतच थांबतो. जागरूक कंपनी काही वेळ वाट पाहून तो मागे घेते आणि त्याऐवजी एसएमएस पाठवते. ही व्यवस्था केलेली नसेल, तर १७ ला पॅक भरल्यावर निरोप उतरू शकतो. तोवर १५ तारीख उलटलेली असते. म्हणून पैशाच्या मुदतीसाठी केवळ चिन्हवाल्या निरोपावर विसंबू नये. तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

आता विश्वासाचे. नुसते चिन्ह दिसले म्हणून भुलू नका. साध्या दहा आकडी नंबरवाला माणूसही आपल्या फोटोच्या जागी एखाद्या बँकेचे चिन्ह लावू शकतो. पडताळणी झालेल्या कंपनीच्या नावाजवळ बरोबरची खूण असते. वरच्या नावावर बोट ठेवले की कंपनीची माहिती, फोन, संकेतस्थळ असे पान उघडते. ती खूण पाठवणारा कोण एवढेच सांगते, त्याचा माल चांगला की वाईट हे सांगत नाही. आपल्या देशात या मार्गाने जाहिरातींचा एवढा मारा झाला की, जून २०२२ मध्ये गुगलला तशा जाहिराती थांबवाव्या लागल्या होत्या.

आईचा साधा एसएमएसही ओळखता येतो. ट्रायच्या २०२५ च्या नियमानुसार पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक अक्षर येते. -P म्हणजे जाहिरात, -S म्हणजे सेवा, -T म्हणजे व्यवहार, -G म्हणजे सरकारी. 'आज रात्री वीज तोडू' असा निरोप दहा आकडी नंबरवरून आला, तर त्यातला नंबर फिरवू नका. जुन्या कागदी बिलावरचा नंबर लावून विचारा. आमचे सांगणे एवढेच की, आईचा निरोप साधा म्हणून खोटा ठरवू नका आणि मुलाचा रंगीत म्हणून खरा मानू नका.