एक आग, चार विमा कंपन्या : लीडरच्या पत्रात दावा अडकतो कुठे?

कापसाचा हंगाम भरात असताना नंदुरबारजवळच्या एखाद्या सूतगिरणीत आग लागली असे समजा. इमारत, यंत्रे आणि साठा मिळून विमा 90 कोटींचा. एवढी जोखीम एक कंपनी सहसा एकटी घेत नाही. चार कंपन्या ती 40, 30, 20 आणि 10 टक्के अशी वाटून घेतात. यालाच को-इन्शुरन्स म्हणतात. मोठा वाटा असलेली कंपनी लीडर, बाकीच्या फॉलोअर. पॉलिसी लीडर देते, सर्व्हेअर तीच नेमते आणि आगीनंतर गिरणीमालक तिच्याच दारात जातो.

पण पैसे मिळण्याआधी एक पत्र लिहिले जाते, ज्याची गिरणीमालकाला बहुधा कल्पनाही नसते. लीडर फॉलोअर कंपन्यांना लिहिते : दावा इतक्या रकमेत मिटवावा असा आमचा प्रस्ताव आहे, आपली संमती कळवा.

पत्रात काय असते?

आपल्या उदाहरणात आगीत फक्त साठ्याचे नुकसान झाले. मालकाने 14 कोटी मागितले. सर्व्हेअरने स्टॉक रजिस्टर, खरेदीची बिले आणि बँकेला दिलेली साठ्याची विवरणपत्रे ताडून नुकसान 10 कोटी ठरवले. अर्धवट जळालेला कापूस विकून 1 कोटी येतील, म्हणून निव्वळ नुकसान 9 कोटी.

इथेच मालकाला धक्का बसतो. साठ्याचा विमा 40 कोटींचा, पण आगीच्या दिवशी गोदामात माल होता 50 कोटींचा. म्हणजे पाच रुपयांच्या मालाचा चार रुपयांचाच विमा. पॉलिसीतील सरासरीच्या अटीनुसार भरपाईही त्याच प्रमाणात मिळते. 9 कोटींचे 80 टक्के म्हणजे 7 कोटी 20 लाख. पॉलिसीतील ठरावीक वजावट यातून आणखी जाईल, ती इथे बाजूला ठेवू. लीडरचा वाटा 2 कोटी 88 लाख. फॉलोअरचे 2 कोटी 16 लाख, 1 कोटी 44 लाख आणि 72 लाख.

साठा हंगामात वाढतो आणि पॉलिसी मात्र जुन्याच आकड्यावर राहते, म्हणून असे होते. साठा दरमहा कळवण्याची सोय असलेली डिक्लेरेशन पॉलिसी याचसाठी असते. तिची विमा रक्कम हंगामातल्या सर्वाधिक साठ्याइतकी ठेवावी लागते.

फॉलोअरने काय विचारावे?

एक प्रश्न रास्त आहे : आग लागली कशाने? कापूस स्वतःच्या उष्णतेने पेटला असेल, तर नेहमीच्या अग्निविम्यात ते नुकसान वगळलेले असते. त्यासाठी जादा संरक्षण घ्यावे लागते. त्यामुळे लीडरच्या पत्रात नुसते ‘शॉर्टसर्किट’ लिहून भागत नाही. अग्निशमन दलाचा अहवाल आणि वीज निरीक्षकाचा निष्कर्ष सोबत हवा. आकडेमोड, पॉलिसीच्या अटी, मालकाच्या हरकती आणि त्यांवरचे उत्तरही हवे.

अडचण पुढची आहे. तीन फॉलोअर तीन वेळा प्रश्न पाठवतात. कुणी दुसरा सर्व्हेअर नेमू म्हणते, कुणाची फाइल मुख्यालयात जाते. उद्या लेखापरीक्षणात कुणी बोट दाखवेल या धास्तीने कुणी गप्पच बसते. प्रत्येक कंपनीची जबाबदारी सहसा तिच्या वाट्यापुरतीच असल्याने 72 लाखांसाठी लीडरला धरता येत नाही. बँकेचे व्याज मात्र पूर्ण रकमेवर चढत राहते.

माझे मत स्पष्ट आहे. फॉलोअरने प्रीमियम घेतला तो लीडरच्या निर्णयावर विश्वास ठेवून. म्हणून त्याला प्रश्न विचारण्याचा हक्क आहे, पण सर्व्हे नव्याने करण्याचा नाही. पत्रात उत्तराची तारीख असावी, प्रश्न एकदाच आणि लेखी यावेत आणि मुदतीत उत्तर आले नाही तर संमती धरली जावी. ही तरतूद कंपन्यांच्या आपसातील करारातच हवी. आग विझल्यावर तिची मागणी करून उपयोग नाही.

यावर आक्षेप येईल की लीडर चुकला तर फॉलोअरने का भरावे? लीडरने ढिलाई केली असेल तर तो हिशेब कंपन्यांनी आपसात नंतर करावा. त्याची किंमत गिरणीतल्या कामगारांच्या पगारातून वसूल होऊ नये.

विमा घेणाऱ्याने काय करावे?

पॉलिसी घेतानाच तीन गोष्टी लेखी विचारा. लीडरचा निर्णय फॉलोअरवर बंधनकारक आहे का? पैसे लीडर एकरकमी देणार की चौघे वेगवेगळे? मान्य रकमेपैकी काही भाग आधी मिळेल का? आग लागलीच, तर सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागा आणि संमतीचे पत्र कोणत्या तारखेला गेले, कोणाचे उत्तर बाकी आहे, हे लीडरला लेखी विचारा. अडवणूक नेमकी कुणाच्या टेबलावर आहे हे कळले, तर तक्रारही नेमकी करता येते.