चाल उसनी घ्या, पण तिची जागा ओळखून घ्या

१/ अजिंक्यताऱ्यावरून ड्रोन उडतो, खाली पावसात भिजलेले सातारा शहर दिसते आणि मागे त्या आठवड्यात गाजणारा प्रेमभंगाचा ऑडिओ वाजतो. दुसऱ्या दिवशी तोच ऑडिओ हरिपूरच्या कृष्णा-वारणा संगमावर चढतो, तिसऱ्या दिवशी सज्जनगडावर. खाली कॅप्शन : ‘इतिहास जिवंत ठेवूया.’ हा धागा या ठिगळकामाच्या विरोधात आहे. त्याचबरोबर, हे पाहून ‘इतिहासाला ट्रेंडचा विटाळ नको’ असे बजावणाऱ्या वडीलधाऱ्यांच्याही तो विरोधात आहे.

२/ आधी वडीलधाऱ्यांशी बोलू. लोकप्रिय साचा उचलून त्यात भलताच विषय भरणे हा आजच्या पोरांचा उद्योग आहे, असा त्यांचा समज आहे. वस्तुतः या कामाचा आपल्या भागातला सर्वांत मोठा उस्ताद १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावात जन्मला. वाटेगाव आज सांगली जिल्ह्यात आहे; तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होते. त्या उस्तादाचे नाव अण्णा भाऊ साठे, आणि त्याच्या कामाचा नमुना म्हणजे ‘माझी मैना’ ही छक्कड.

३/ छक्कड हा लावणीचा एक प्रकार. विरहाच्या लावणीत ऐकणाऱ्याला पुढे काय येणार हे आधीच ठाऊक असते. सखीचे रूप, तिचे दागिने, निरोपाचा क्षण, आणि मग दूर राहिलेल्या माणसाची तळमळ. तमाशाच्या फडात हा क्रम शेकडो वेळा ऐकलेला श्रोता समोर बसलेला असे. आजच्या भाषेत तो ट्रेंडिंग ऑडिओच होता : सर्वांच्या ओठांवर असलेला आणि वळण कुठे येते हे सर्वांना पाठ असलेला.

४/ अण्णा भाऊंचा विषय काय होता? राज्यपुनर्रचना. आयोगाचा अहवाल, द्वैभाषिक राज्य, सीमाभाग. यांपैकी कशाचाही सखीच्या दागिन्यांशी काडीचा संबंध नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठी-गुजराती भाषकांचे एकच द्वैभाषिक मुंबई राज्य झाले आणि बेळगाव, कारवार, निपाणी म्हैसूर राज्यात गेले. हा विषय शृंगाराच्या चालीत बसवायचा म्हणजे आजच्या हिशेबाने फजितीची हमी होती. तरीही ती छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याची ओळख बनली. ती ओढूनताणून का वाटली नाही, हाच आपला प्रश्न आहे.

५/ पहिले कारण : त्यांनी साच्याचे देणे आधी फेडले. छक्कडीच्या आरंभी मैना ही खरोखरच एक बाई आहे. तिचे वर्णन घाईत उरकलेले नाही. गरिबीमुळे नवरा मुंबईला निघतो, तिला गावी सोडून जातो. राजकारणाचा एक शब्दही येण्याआधी श्रोता त्या ताटातुटीत पुरता शिरलेला असतो. आपण नेमके उलटे करतो. पहिल्याच सेकंदाला पडद्यावर ‘सन १६९९’ असे ठळक अक्षरांत ठोकतो आणि ऑडिओने उभी केलेली उत्कंठा जन्मण्याआधीच मारून टाकतो.

६/ दुसरे कारण याहून मोठे आहे. त्या छक्कडीतले वळण उपमेचे आहे आणि ती उपमा वस्तुस्थितीवर उभी आहे. गावी राहिलेल्या मैनेची भेट होत नाही. तीच स्थिती तुटलेल्या महाराष्ट्राची. ज्या जागी लावणीत विरह येतो, त्याच जागी विषयातला खरा विरह येऊन बसतो. शिवाय समोरचा श्रोता कोण? सातारा-सांगलीकडून गिरणीत आलेला, बायको गावाकडे ठेवून चाळीत राहणारा कामगार. चालही त्याची आणि दुःखही त्याचेच. जुळवणीसाठी कवीला काही ठोकाठोक करावी लागली नाही.

७/ गाण्यात आपण ‘जागा घेतली’ असे म्हणतो. तोच शब्द मी येथे वापरतो. प्रत्येक गाजलेल्या ऑडिओत एक जागा असते. तेथे काहीतरी उलटते, उघड होते, तुटते किंवा भेटते. तुमच्या विषयात नेमके तेच करणारी एखादी खरी घटना असेल, तरच तो ऑडिओ तुमचा. नुसता ताल आवडला म्हणून उचलला, तर जागा रिकामी राहते. ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण ‘हे चिकटवलेले आहे’ हे त्याला लगेच कळते.

८/ जागा सांभाळून आशय बदलणे म्हणजे काय, हे त्यांच्या लोकनाट्यांतही दिसते. तमाशाची सुरुवात गणाने होते, म्हणजे गणपतीच्या वंदनाने. अण्णा भाऊंनी आरंभीचे वंदन काढून टाकले नाही. वंदनाची जागा तशीच ठेवून तेथे मातृभूमीला आणि श्रमणाऱ्या माणसांना आणले. आरंभी कोणाला तरी नमन होणार ही प्रेक्षकाची अपेक्षा पुरी झाली. नमन कोणाला, एवढेच बदलले. साचा मोडून टाकला असता, तर हा बदल कोणाच्या लक्षातही आला नसता.

९/ आता आपल्या मातीतली एक घटना घेऊन ही रीत चालवून पाहू. ७ जून १९४३. सातारा जिल्ह्यातले शेणोली. प्रतिसरकारच्या तुफान सेनेने रुळांवर दगड रचून रेल्वे अडवली आणि इंग्रज सरकारच्या नोकरांच्या पगाराची रक्कम ताब्यात घेतली. यात कुंडलच्या जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ यांच्या गटाचा पुढाकार होता. या प्रसंगावर टापांचा आवाज आणि ढोल असलेला ऑडिओ लावण्याचा मोह सर्वांना होतो. लावून पाहा. चित्र बदलून तेथे दुसरी कुठलीही चकमक टाकली तरी रील तसेच राहील. याचा अर्थ त्या ऑडिओने शेणोलीबद्दल काहीच सांगितले नाही.

१०/ म्हणून पहिली पायरी : ऑडिओ डोळे मिटून ऐका आणि त्यात काय घडते ते एका वाक्यात लिहा, गाण्यातले शब्द न वापरता. दुसरी पायरी : घटनेचेही तसेच एक वाक्य लिहा. शेणोलीचे वाक्य ‘शूरांनी गाडी अडवली’ असे होईल का? तेवढ्याने भागणार नाही. त्या घटनेचा गाभा असा : ज्याला सरकार लूट म्हणत होते, ती करणाऱ्यांच्या मते लोकांकडून लुटलेल्या पैशाची परतफेड होती. म्हणजे येथे आरोप आहे, आणि आरोप करणाऱ्यावरच तो उलटतो.

११/ अशी जागा असलेले ऑडिओ नेहमीच फिरत असतात. एक आवाज तोऱ्यात दोष देतो, क्षणभर शांतता, आणि दुसरा आवाज थंडपणे एकच उत्तर देतो. पहिल्या आवाजावर सरकारी भाषा ठेवा : रेल्वे लुटली, दरोडा पडला. शांततेत रुळांवरचे दगड दिसू द्या. दुसऱ्या आवाजावर एकच प्रश्न ठेवा : तो पैसा मुळात कोणाचा होता? तारीख आणि गावाचे नाव शेवटी द्या. आता चित्र बदलून येथे सज्जनगड टाकून पाहा. रील कोसळेल. ते कोसळते, हीच जुळणी खरी असल्याची खूण.

१२/ तिसरी पायरी सर्वांत अवघड, आणि तेथेच आपली पाने सर्वाधिक घसरतात. जागा जुळते, पण भाव जुळत नाही. १७०० सालचा साताऱ्याचा वेढा घ्या. औरंगजेबाच्या सैन्याने किल्ल्याच्या तटाखाली सुरुंग पेरले. त्यातला एक उलटा, बाहेरच्या बाजूला फुटला आणि हल्ल्यासाठी सज्ज उभे असलेले मोगल सैनिकच दगडमातीखाली गाडले गेले. ‘अपेक्षा आणि वास्तव’ या विनोदी साच्यासाठी याहून चपखल घटना सापडणार नाही. म्हणूनच ती वारंवार तशी वापरली जाते.

१३/ पण त्या साच्याचा स्वभाव खदखदून हसण्याचा आहे, आणि येथे माणसे जिवंत गाडली जात आहेत. त्याआधी फुटलेल्या सुरुंगाने गडावरच्या लोकांनाही ढिगाऱ्याखाली घेतले होते. किल्लेदार प्रयागजी प्रभू त्यातूनच वाचले. शिवाय विनोद स्फोटापाशी संपतो, इतिहास तेथे संपत नाही. त्याच एप्रिल महिन्यात किल्ला मोगलांच्या हाती गेला आणि त्याला आजमतारा हे नाव मिळाले. साच्याचा शेवट आणि घटनेचा शेवट वेगवेगळे असतील, तर प्रेक्षक जिंकल्याच्या आनंदात निघून जातो आणि त्याच्या माथी असत्य मारल्याचे पाप तुमच्याकडे राहते.

१४/ यावर उत्तर ठरलेले आहे : ‘पण त्यामुळे लोकांपर्यंत पोहोचते ना!’ काय पोहोचते? प्रेमभंगाच्या ऑडिओवर अजिंक्यतारा पाहणाऱ्यापर्यंत गाणे पोहोचते. किल्ला त्याला आधीपासून दिसतच होता. आणि ट्रेंडचे आयुष्य थोडे. महिनाभराने तो ऑडिओ कोणाला आठवत नाही, आणि ज्याला तो ठाऊकच नाही त्याला तुमचे वळणही दिसत नाही. अशा वेळी रीलमध्ये उरते ती केवळ घटना. ती एकटी उभी राहू शकत नसेल, तर ट्रेंडने तिला पहिल्या दिवशीही उभे केले नव्हते.

१५/ ‘माझी मैना’ याही परीक्षेत उतरते. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. बेळगाव, कारवार, निपाणी मात्र बाहेरच राहिले. विरहाच्या गाण्याला शेवटी भेट झालीच पाहिजे असे बंधन नसते, म्हणून त्या छक्कडीला आपला शेवट बदलावा लागला नाही. साचा निवडताना अण्णा भाऊंनी विषयाला सोसवेल असाच शेवट निवडला होता. पुढचे रील टाकण्याआधी एवढेच तपासा : तुमचा ऑडिओ जेथे थांबतो, तेथे तुमची घटना खरोखर थांबली होती का? थांबली नसेल, तर तो ऑडिओ सोडून द्या. पुढच्या आठवड्यात दुसरा येतोच आहे.