चिमूटभर सोड्याने काय होणार?

संपादक महोदय,

पोलीस भरतीच्या १६०० मीटर धावण्याआधी लिंबूपाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घ्या, पोटाला काही होत नाही, असे आपण छापले. पोटाला होत नाही, कारण चिमटीने कुठेच काही होत नाही. त्यातलाही बराचसा लिंबाच्या आम्लाने ग्लासातच फसफसून संपतो.

अभ्यासांतली मात्रा किलोमागे ०.२ ते ०.३ ग्रॅम, धावण्याच्या एक ते तीन तास आधी. साठ किलोच्या मुलाला वरच्या मात्रेने १८ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ चार सपाट छोटे चमचे. एवढ्याने पोट फुगते, मळमळते, जुलाबही लागतात. भरतीच्याच सकाळी हे कळले तर गुण गेलेच म्हणायचे. हलक्या खाण्यासोबत, विभागून घेतल्यास त्रास कमी होतो, पण ते आधी सरावात पाहायचे. फायदाही होतो तो थोडाच.

आणि त्या १८ ग्रॅममध्ये सोडियम सुमारे ५ ग्रॅम! जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला २ ग्रॅमपेक्षा कमी सांगते. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी, मीठ वर्ज्य असलेल्यांनी या वाटेला जाऊ नये. लेखात याबद्दल अवाक्षर नाही. दुरुस्ती छापावी.

– एक वाचक, प्रताप नगर, नागपूर